फ्रेंच सब्जंक्टिव्ह इंग्रजीत उतरवताना: क्रियापदाआधी त्याचा ट्रिगर वाचा

प्रश्न: मी नाशिकला राहते, फ्रेंचचं बी-टू झालंय. एका वायनरीसाठी फ्रान्समधल्या सल्लागाराची पत्रं इंग्रजीत करून देते. व्याकरणाच्या चुका कोणी काढत नाही, पण सब्जंक्टिव्ह आला की माझं इंग्रजी अवघडतं, ‘शुड’ आणि ‘मे’ने भरून जातं. अर्थ न सांडता ते सहज कसं लिहायचं?

उत्तर:

हे ‘शुड’ आणि ‘मे’ फ्रेंचमधून येत नाहीत. ते बहुतेक वेळा आपल्या मराठीतून येतात. “झ व्ह किल व्हिएन” हे वाक्य वाचलं की मराठी मनात आपोआप “त्याने यावं अशी माझी इच्छा आहे” असं उमटतं. आपल्या व्याकरणात स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ असे क्रियापदाचे अर्थ शिकवतात, आणि ‘यावं’ हा त्यातला विध्यर्थ. म्हणजे फ्रेंचसारखंच मराठीकडेही अशा वाक्यासाठी क्रियापदाचं वेगळं रूप आहे, आणि म्हणून सब्जंक्टिव्ह समजायला आपल्याला जड जात नाही. अडचण पुढच्या पायरीवर होते. शाळेपासून ‘यावं’ म्हणजे ‘शुड कम’ हे समीकरण डोक्यात बसलेलं असतं, त्यामुळे हातून “आय वाँट दॅट ही शुड कम” उतरतं. इंग्रज माणूस इथे “आय वाँट हिम टू कम” म्हणतो आणि पुढे जातो. त्याच्या भाषेत या भावासाठी क्रियापदाचं वेगळं रूप जवळजवळ उरलेलंच नाही. तो भाव ‘वाँट’ने आधीच सांगून टाकलेला असतो.

म्हणून सब्जंक्टिव्ह दिसला की मी त्या क्रियापदाकडे नंतर पाहतो, आधी त्याला कोणी आणलं ते पाहतो. फ्रेंचच्या वर्गात त्याला ट्रिगर म्हणतात. मग स्वतःला एकच प्रश्न विचारतो: इथे लिहिणाऱ्याला दुसरं रूप वापरता आलं असतं का? ‘बिएँ क’, ‘आव्हाँ क’, ‘इल फो क’, ‘झ व्ह क’ यांच्यानंतर त्याला पर्याय नसतो, सब्जंक्टिव्ह सक्तीचा असतो. जे सक्तीचं आहे ते स्वतःहून काही सांगत नाही. सगळा अर्थ ट्रिगरमध्ये असतो, आणि इंग्रजीत ट्रिगर नीट उतरला की क्रियापद साधं ठेवायचं. काही मोजक्या जागी मात्र दोन्ही रूपं चालतात आणि लिहिणाऱ्याने सब्जंक्टिव्ह मुद्दाम निवडलेला असतो. तिथे त्या निवडीतच अर्थ असतो आणि तो इंग्रजीत दुसऱ्या कुठल्या तरी शब्दाने आणावा लागतो.

याच्या आड येणारा एक समज आधी दूर करायला हवा. सब्जंक्टिव्ह म्हणजे शंका, अनिश्चितता, असं बऱ्याच वर्गांत सोपं करून शिकवलं जातं. “झ स्वी काँताँ क वू स्वाये व्हन्यू” या वाक्यात पाहुणे समोर बसलेले आहेत, त्यांच्या येण्याबद्दल कसलीही शंका नाही, तरी सब्जंक्टिव्ह आहे. आनंद व्यक्त करणारं क्रियापद तो मागतं, एवढंच. इंग्रजी साधं: “आय अ‍ॅम ग्लॅड यू केम.” हे एकदा पटलं की निम्मे ‘मे’ आपोआप गळतात.

आता तुमच्या कामासारखाच एक परिच्छेद घेऊ. हा मी उदाहरणासाठी रचला आहे. दिंडोरी भागातल्या वायनरीला फ्रान्समधला सल्लागार फेब्रुवारीत जे लिहील, तसा तो आहे. दोन्ही भाषा उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो.

“बिएँ क लेझानालीझ स्वा बॉन, झ क्रँ क लासिदिते न बेस त्रो व्हित. इल फोद्रे क वू व्हाँदाँझिए आव्हाँ किल न फास त्रो शो, द फासों क ल रेझँ आरिव्ह फ्रे आ ला काव्ह. झ न पाँस पा क ला क्यूव्ह कात्र स्वा प्रेत. इल व्हो मिअ क पेर्सॉन नी तूश झ्यूस्का स क झ व्हिएन. त्रूव्हे-म्वा केलकँ की साश स सेर्व्हीर द्यू प्रेस्वार. झे दी ओ फूर्निसर किल व्हिएन लँदी.”

एवढ्याशा मजकुरात १० सब्जंक्टिव्ह आहेत. शब्दाला शब्द लावला तर सुरुवात अशी होते: “ऑल्दो द अनॅलिसेस मे बी गुड, आय फिअर दॅट द अ‍ॅसिडिटी मे नॉट फॉल टू फास्ट. इट वुड बी नेसेसरी दॅट यू शुड हार्व्हेस्ट बिफोर इट शुड बी टू हॉट...” हे फक्त अवघडलेलं नाही, दोन ठिकाणी चुकीचं आहे.

पहिली जागा ‘ऑल्दो... मे बी गुड’. सल्लागार म्हणतो की रिपोर्ट चांगले आहेत, आणि तरीही त्याला एक काळजी आहे. इंग्रजीत ‘मे बी गुड’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, याला रिपोर्टवर पुरता विश्वास दिसत नाही. मग वायनरीचा माणूस पुन्हा नमुने पाठवायला निघतो. ‘बिएँ क’नंतरचा सब्जंक्टिव्ह सक्तीचा आहे आणि त्यातली गोष्ट खरी आहे, म्हणून इंग्रजीत ‘आर’. शिवाय रोजच्या पत्रात ‘ऑल्दो’ने वाक्य उघडण्याऐवजी दोन भाग ‘बट’ने जोडले की वाक्य हलकं होतं: “द रिझल्ट्स आर गुड, बट...”

दुसरी जागा जास्त धोक्याची आहे, ती म्हणजे ‘न बेस’मधला ‘न’. भीतीच्या क्रियापदांनंतर, ‘आव्हाँ क’नंतर आणि ‘आ म्वँ क’नंतर फ्रेंच लेखनात हा एकटा ‘न’ येतो. त्याला नकाराचा अर्थ नसतो. तो काढला तरी वाक्याचा अर्थ तोच राहतो, फक्त लेखन थोडं कमी औपचारिक होतं. ओळखायची खूण अशी: त्याच्या जोडीला ‘पा’, ‘प्ल्यू’, ‘पेर्सॉन’, ‘रिएँ’ यांपैकी काही आहे का ते बघा. जोडीदार असेल तर नकार खरा. आपल्या परिच्छेदात ‘पेर्सॉन नी तूश’मध्ये ‘पेर्सॉन’ आहे, म्हणून तिथे ‘कोणीही हात लावू नये’ हा खरा नकार आहे. ‘न बेस’च्या जोडीला काहीच नाही, म्हणजे आम्लता भराभर उतरेल हीच भीती आहे.

‘आ म्वँ क’च्या बाबतीत या ‘न’वर पैसे अडकू शकतात. “आ म्वँ क ल फूर्निसर न लीव्र लँदी” म्हणजे “अनलेस द सप्लायर डिलिव्हर्स ऑन मंडे”. ‘न’ पाहून कोणी ‘अनलेस... डझन्ट डिलिव्हर’ लिहिलं, तर अट बरोबर उलटी होते आणि कागदावर ती अगदी व्यवस्थित दिसते. पुन्हा वाचूनही ती सापडत नाही, कारण इंग्रजी वाक्य व्याकरणात बरोबर असतं. म्हणून ‘आ म्वँ क’ दिसला की मी इंग्रजी अट मराठीत मोठ्याने सांगून पाहतो: पुरवठादाराने सोमवारी माल दिला, तर काय होईल? उत्तर मूळ पत्राशी जुळलं पाहिजे.

याच घरातली एक चूक मात्र खास आपली, मराठी बोलणाऱ्यांची आहे. “झ्यूस्का स क झ व्हिएन” म्हणजे मराठीत “मी येत नाही तोपर्यंत”. मराठीला इथे ‘नाही’ लागतं, आणि ते सरळ इंग्रजीत जाऊन “अंटिल आय डोन्ट कम” होतं. फ्रेंचमध्ये नकार नाही, इंग्रजीतही नाही: “अंटिल आय गेट देअर”. हिंदीतून येणाऱ्यांचीही हीच चूक होते. इंग्रज वाचकाला त्यातून काहीच अर्थ लागत नाही.

आता काळाबद्दल, कारण सहज इंग्रजीत खरी मेहनत इथेच लागते. सब्जंक्टिव्हला भविष्यकाळाचं रूपच नाही. वर्तमानाचं एकच रूप आत्ताच्या गोष्टीलाही चालतं आणि पुढच्या गोष्टीलाही. ‘क लासिदिते न बेस’ म्हणजे आम्लता उतरते आहे की उतरेल, हे क्रियापद सांगत नाही. इंग्रजीला मात्र ‘इज ड्रॉपिंग’ की ‘विल ड्रॉप’ हे ठरवावंच लागतं. उत्तर विषयातून काढायचं. द्राक्ष पिकताना आम्लता उतरत जाते आणि उष्णतेत त्यातलं मॅलिक आम्ल लवकर संपतं. आजचे रिपोर्ट चांगले आहेत, पुढच्याच वाक्यात ऊन तापण्याआधी तोडणी करा असं म्हटलं आहे, म्हणजे काळजी येत्या दिवसांची आहे. म्हणून “आय अ‍ॅम वरीड द अ‍ॅसिडिटी विल ड्रॉप टू फास्ट.” तसंच “झ न पाँस पा किल व्हिएन” हे सोमवारच्या भेटीबद्दल असेल तर “आय डोन्ट थिंक ही’ल कम”. टाकी क्रमांक ४ मात्र आत्ताची आहे, म्हणून “आय डोन्ट थिंक टँक फोर इज रेडी”. मराठीत आपण “टाकी तयार असेल असं वाटत नाही” म्हणतो आणि त्या ‘असेल’मुळे ‘विल बी’ लिहायचा मोह होतो. आधी टाकी कधी हवी आहे ते पाहावं. ‘बिफोर’ आणि ‘अंटिल’नंतर इंग्रजी भविष्यासाठीही वर्तमानच वापरतं, म्हणून “बिफोर इट गेट्स टू हॉट”. तिथे ना ‘विल’ हवं, ना ‘शुड’.

भूतकाळातही हाच खेळ आहे. “बिएँ किल ए प्ल्यू”मधलं रूप ‘इट रेन्ड’ही असू शकतं आणि ‘इट हॅज रेन्ड’ही. जवळपास ‘इएर’ म्हणजे ‘काल’ असा शब्द असेल तर पहिलं, जमीन अजून ओली आहे अशी गोष्ट पुढे आली तर दुसरं.

‘इल फोद्रे क’कडे येऊ. ‘इट वुड बी नेसेसरी दॅट’ ही तुमच्या मजकुरातली सगळ्यात जड ओळ असणार, अशी माझी खात्री आहे. इथे जे बदलायचं ते क्रियापदात नसून ट्रिगरमध्ये आहे. फ्रेंच वाक्य ‘इल’ या निर्जीव कर्त्याने सुरू होतं, आणि काम करणारा माणूस ‘क’नंतर येतो. इंग्रजीत त्या माणसाला पुढे आणून कर्ता करायचं: यू. मग सल्ल्याचा जोर मोजायचा. ‘इल फो क वू’ असतं तर “यू हॅव टू” किंवा “यू नीड टू”. ‘इल फोद्रे’ हे त्याचं सौम्य रूप आहे, अनुभवी सल्लागाराची आर्जवी सूचना. म्हणून “यू रिअली ऑट टू पिक” किंवा “आय’ड पिक, इफ आय वेअर यू”. दुसरा पर्याय मोकळ्या पत्रव्यवहारात मला जास्त आवडतो, पण मालकाला पहिल्यांदाच लिहिलेल्या पत्रात तो सलगीचा वाटेल. इथे ‘शुड’ही चालतो, आणि हे लक्षात घ्या की तो ‘फोद्रे’चा अनुवाद म्हणून येतो, ‘व्हाँदाँझिए’चा नाही. ‘शुड’ वाईट नाही, तो योग्य शब्दाच्या जागी आला पाहिजे. ‘इल व्हो मिअ क’लाही हीच वागणूक: “बेस्ट इफ नोबडी टचेस इट.”

आता निवडीचे सब्जंक्टिव्ह. परिच्छेदातले असे तीन घेऊ, तिघांची कथा वेगळी आहे.

‘केलकँ की साश’मध्ये ‘साश’च्या जागी ‘से’ म्हणजे इंडिकेटिव्हही व्याकरणात बसलं असतं. ‘से’ असता तर लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर प्रेस चालवता येणारा एक विशिष्ट माणूस असता. ‘साश’मुळे कळतं की असा माणूस आहे की नाही हे त्याला ठाऊक नाही, कोणीही चालेल, फक्त काम आलं पाहिजे. इंग्रजीत “समवन हू नोज” दोन्हीकडे सारखंच दिसतं, म्हणून फरक इतर शब्दांनी दाखवायचा. ‘साश’साठी “फाइंड मी समवन हू कॅन रन द प्रेस”, आणि ‘से’ असतं तर “फाइंड मी द मॅन हू रन्स द प्रेस” याच्या जवळचं काहीतरी. ‘कॅन’ इथे सब्जंक्टिव्हचं काम चोख करतं.

‘झे दी... किल व्हिएन’ हे तर अर्थच बदलणारं उदाहरण. ‘दीर क’नंतर इंडिकेटिव्ह आला तर ती बातमी असते आणि सब्जंक्टिव्ह आला तर सूचना. “झे दी किल व्हने” म्हणजे “आय सेड ही वॉज कमिंग”. “झे दी... किल व्हिएन” म्हणजे “आय’व्ह टोल्ड द सप्लायर टू कम”. मराठीतही हा फरक तसाच आहे, ‘तो येतोय असं सांगितलं’ आणि ‘त्याला यायला सांगितलं’, त्यामुळे थोडं लक्ष दिलं तर इथे आपण चुकायचं कारण नाही. ‘काँप्राँद्र’चंही असंच आहे, आणि ग्राहकाला लिहिलेल्या पत्रात ते फार नाजूक असतं. “झ काँप्राँ क वू स्वाये देस्यू” म्हणजे तुमची निराशा रास्त आहे: “आय कॅन सी व्हाय यू’र डिसअपॉइंटेड.” इंडिकेटिव्ह ‘झेत’ असेल तर ‘तुम्ही निराश आहात असं माझ्या लक्षात आलं’ एवढीच कोरडी नोंद: “आय गॅदर यू’र डिसअपॉइंटेड.” दोन्हींना ‘आय अंडरस्टँड दॅट यू आर’ लिहून टाकलं तर माफीचा सूर निघून जातो.

तिसरा ‘द फासों क ल रेझँ आरिव्ह’. ‘द फासों क’नंतर सब्जंक्टिव्ह असेल तर हेतू, इंडिकेटिव्ह असेल तर परिणाम. पण इथे क्रियापद पाहून काहीच कळत नाही, कारण ‘एर’ गटातल्या क्रियापदांची एकवचनी रूपं आणि तृतीयपुरुषी अनेकवचनी रूप दोन्हीकडे सारखीच दिसतात. आपल्या १० पैकी ‘बेस’, ‘आरिव्ह’ आणि ‘तूश’ हे तीन असे लपलेले आहेत. ‘बेस’ आणि ‘तूश’चे ट्रिगर सक्तीचे, म्हणून तिथे फरक पडत नाही. ‘आरिव्ह’साठी मात्र वाक्य वाचावं लागतं. तोडणी अजून व्हायची आहे, म्हणजे हा हेतू आहे: “सो द ग्रेप्स रीच द वायनरी कूल.” रात्री तोडणी होऊन गेल्याची हकिकत असती, “इल्झाँ व्हाँदाँझे ला न्वी, द फासों क ल रेझँ एतारिव्हे फ्रे”, तर परिणाम: “दे पिक्ड अ‍ॅट नाइट, सो द ग्रेप्स केम इन कूल.” जाता जाता, ‘काव्ह’ला इंग्रजी ‘केव्ह’ करू नका. वाइनच्या संदर्भात तो ‘सेलर’ किंवा सरळ ‘वायनरी’.

सगळं जोडून परिच्छेद असा होतो:

“द रिझल्ट्स आर गुड, बट आय अ‍ॅम वरीड द अ‍ॅसिडिटी विल ड्रॉप टू फास्ट. यू रिअली ऑट टू पिक बिफोर इट गेट्स टू हॉट, सो द ग्रेप्स रीच द वायनरी कूल. आय डोन्ट थिंक टँक फोर इज रेडी. बेस्ट इफ नोबडी टचेस इट अंटिल आय गेट देअर. फाइंड मी समवन हू कॅन रन द प्रेस. आय’व्ह टोल्ड द सप्लायर टू कम ऑन मंडे.”

यात एकही ‘मे’ नाही, एकही ‘शुड’ नाही. संयोगी ‘दॅट’सुद्धा कुठेच उरलेलं नाही. मसुदा झाल्यावर मी हे तीन शब्द आणि ‘बी’ शोधतो. प्रत्येक ठिकाणी तो शब्द काढून वाक्य वाचतो. अर्थ तोच राहिला तर शब्द गेला. अर्थ हलला तर फ्रेंचमध्ये त्याला आधार देणारा शब्द कोणता, ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. आधार ट्रिगरमध्ये सापडला तर शब्द राहतो. फक्त क्रियापदाच्या रूपात सापडला, तर आधी ते रूप सक्तीचं होतं की निवडीचं हे पुन्हा तपासतो.

करारांमध्ये हे सगळं थोडं सैल करावं लागतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना येणाऱ्या यंत्रांच्या करारात “ल फूर्निसर एगझीझ क ल पेमाँ स्वा एफेक्त्युए आव्हाँ लेक्स्पेदिसिओं” असं वाक्य आलं, तर इंग्रजीचा स्वतःचा जुना सब्जंक्टिव्ह तिथे शोभतो: “द सप्लायर रिक्वायर्स दॅट पेमेंट बी मेड बिफोर शिपमेंट.” अमेरिकन वाचकाला हे रोजचं वाटतं, ब्रिटिश वाचक अशा जागी ‘शुड बी मेड’ही सहज स्वीकारतो. कलम म्हणून लिहायचं असेल तर “पेमेंट शॅल बी मेड” किंवा “मस्ट बी मेड” जास्त घट्ट बसतं. पण ‘रिक्वायर’, ‘इन्सिस्ट’, ‘डिमांड’, ‘रेकमेंड’ अशा मोजक्या क्रियापदांपलीकडे ही सवलत ओढू नका. ‘ऑल्दो इट बी’ किंवा ‘बिफोर ही कम’ करारातही पुराणं वाटतं.

‘फ्यू’, ‘यू’, ‘व्हँ’ अशी सब्जंक्टिव्हच्या इम्परफेक्टची रूपं तुमच्या पत्रांत येणार नाहीत. ती आता साहित्यात आणि जुन्या कागदपत्रांतच भेटतात. कधी भेटली तर इंग्रजी क्रियापदावर त्यांचं ओझं टाकू नका. साधा भूतकाळ ठेवा आणि भारदस्तपणा शब्दनिवडीतून आणा.